जत्रेत "अस्सल कोल्हापुरी" घेताय? आधी चप्पल उलटी करून पाहा

आमच्या यवतमाळकडं जत्रा भरली की "अस्सल कोल्हापुरी, हातानं शिवलेली" असे बॅनर लावून दुकानं येतात, तिथून बाबांसाठी 1200 ची जोडी घेतली. दुकानदारानं स्वतःहून लायटर काढला, वरच्या पट्ट्याला लावला, पाहा दादा, वितळते का, चामडंच आहे. अन् ते खरंच होतं, पट्टा चामड्याचाच होता. सगळा घोळ तळात होता अन् तिकडं लायटर त्यानं नेलाच नाही.

बाबांनी फक्त गावात वापरली तरी टाचेजवळून तळ उकलला. दुकान कधीचं उठलं होतं, फोन केला तर म्हणे पाण्यात घातली असन. हे उत्तर कोणालाही पटते, कारण खरी कोल्हापुरी पण पावसात घालत नाहीत, बाभळीची साल अन् हिरडा वापरून कमावलेलं चामडं पाणी पिते अन् फुगते. पण आमची तर भर उन्हाळ्यात उकलली ना.

मंग बाजारात बसणाऱ्या काकाजींकडं नेली, ते स्वतः वहाणा बनवतात. त्यांनी कडेत रापी घालून तळ सोलला तर वर पापुद्र्याएवढं चामडं, मधात पुठ्ठा अन् खाली तपकिरी रंग मारलेलं रबर, सगळं सोल्युशननं चिकटवलेलं. काठानं जी शिवण दिसत होती ती मशीनची, फक्त वरच्या थरात, शोभेपुरती. काकाजी म्हणे, "भाऊ, टाका खाली निघालाच नाही, तर तळ धरून कोण ठेवन?"

मग त्यांनी त्यांच्याकडं दुरुस्तीला आलेली एक जुनी कोल्हापुरी उलटी करून दाखवली. तळाला जाड चामड्याचे थर, ते चामड्याच्याच वादीनं शिवलेले, टाके खालून साफ दिसत होते अन् थोडे वाकडेतिकडे पण होते. पट्ट्याचे कान थरांच्या मधात घालून तिथंच शिवलेले.

आता खाली रबर दिसलं म्हणजे नकलीच, असं पण नाही बरं का. चामडी तळ फरशीवर घसरते, झिजते पण, म्हणून बरेच कारागीर गिऱ्हाईकानं म्हटलं तर खालून रबर लावून देतात. अशा वेळी टाके झाकले जातात, तर काठ पाहायचा, रबराच्या वर चामड्याचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. काठाला जाड रंग असला तर नखानं थोडा खरवडायचा, चामडं असलं तर तंतू दिसतात, पुठ्ठा असला तर भुगा निघते.

जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या स्टिकरवर पण जाऊ नका, स्टिकर कोणीही छापते. कोल्हापुरीला ते मानांकन 2019 मध्ये भेटलं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर अन् कर्नाटकातले चार जिल्हे, बस. आपल्याकडच्या कारागिराची हातशिलाईची जोडी त्यात बसत नाही, पण टाका आरपार असला तर घ्यायला काही हरकत नाही, अन् उकलली तर माणूस पुढच्या बाजारी तिथंच सापडते. दुकानदार काठ खरवडू देत नसन तर तिथं पैसे काढूच नका.