पाऊलठसा की बीळ?

कोल्हापुरात पंचगंगेचा पूर ओसरला की गाळात बगळ्याची पावलं आणि खेकड्याची बिळं शेजारीशेजारी दिसतात. दगडात अशी जोडी सापडली, तर मी आधी बीळ बघेन.

पाऊलठसा वेग सांगतो. डायनासोरचं पाऊल ३० सेंमी असेल तर कंबर साधारण चौपट उंचीवर, १.२ मीटरवर. एकाच पायाच्या दोन ठशांत २.४ मीटर अंतर असेल, तर प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांच्या १९७६च्या सूत्राने वेग ताशी सुमारे १० किमी. पण ही काही क्षणांचीच हकिकत.

यू-आकाराचं बीळ मुक्काम सांगतं. बिळाचा तळ सरकला की जुन्या तळांच्या कमानी गाळात उरतात. त्या शेवटच्या तळाखाली असतील तर गाळ साचत गेला आणि प्राणी वर सरकला. वर असतील तर गाळ धुपला, प्राणी खाली गेला. प्राणी कोणता, हे मात्र क्वचितच कळतं.