चार ते सात मित्रांच्या मासिक बैठकीसाठी कोणता बोर्ड गेम घ्यावा?

महिन्यातून एकदा भेटणाऱ्या प्रौढ मित्रमंडळींसाठी खेळ निवडताना खोक्यावर छापलेले तीन आकडे सहसा पाहिले जातात: किती जणांसाठी, किती वेळाचा आणि कोणत्या वयापुढचा. हे आकडे खोटे नसतात, पण अशा मंडळींची खरी अडचण त्यांतून कळत नाही. एका महिन्यात चार जण येतात, तर पुढच्या महिन्यात सात. हाताशी साधारण तीन तास असतात आणि मागच्या वेळी समजावून घेतलेले नियम निम्म्या लोकांच्या डोक्यातून गेलेले असतात. या परिस्थितीत सहज मिळणाऱ्या आणि भरपूर खेळल्या गेलेल्या चार खेळांची तुलना येथे केली आहे: ‘कटान’ (1995), ‘टिकेट टू राइड’ (2004), ‘सेव्हन वंडर्स’ (2010) आणि ‘कोडनेम्स’ (2015).

खेळाडूंच्या संख्येवर पहिली चाळणी लागते. ‘कटान’चा मूळ संच तीन किंवा चार जणांचा आहे, पाच-सहा जणांसाठी विस्तारसंच वेगळा घ्यावा लागतो आणि सातव्याची सोय त्यातही नाही. ‘टिकेट टू राइड’ दोन ते पाच जणांचा आहे आणि ही मर्यादा टाळता येत नाही, कारण रेल्वेचे डबे पाचच रंगांचे असतात. ‘सेव्हन वंडर्स’ तीन ते सात जणांत खेळता येतो. ‘कोडनेम्स’ दोन संघांत खेळायचा असल्याने चारांच्या पुढे कितीही जण सामावतात. विषम संख्येने फारसे बिघडत नाही.

पण खेळात सहा जण बसू शकतात म्हणजे सहा जणांत तो चांगला चालतो, असे होत नाही. पाळी एकामागून एक येते की सगळे एकाच वेळी खेळतात, हा माझ्या मते निवडीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि खोक्यावर त्याचे उत्तर ठळकपणे क्वचितच दिलेले असते. समजा, सहा जण विस्तारसंचासह ‘कटान’ खेळत आहेत, एका पाळीला सरासरी दीड मिनिट लागते आणि पंधरा फेऱ्यांत कोणीतरी विजयासाठी लागणारे दहा गुण गाठते. हा हिशेब सव्वादोन तासांचा होतो. त्यात प्रत्येकाची स्वतःची पाळी जेमतेम बावीस-तेवीस मिनिटे चालते आणि उरलेला सगळा वेळ दुसऱ्यांच्या पाळ्या पाहण्यात जातो. हा वेळ अगदीच रिकामा नसतो, कारण कोणाच्याही फाशांवर इतरांना माल मिळतो आणि ज्याची पाळी असेल त्याच्याशी देवाणघेवाण करता येते. चार जणांत हीच घासाघीस खेळाची खरी गंमत ठरते. सहा जणांत मात्र प्रत्येक सौद्याला पाच गिऱ्हाईके असल्याने पाळ्या लांबतात आणि वाट पाहणे आणखी वाढते. शिवाय डाव कधी संपेल हे आधी सांगता येत नाही. एक जण नऊ गुणांवर अडकला असेल, तर चार गुणांवर असलेल्यालाही जिंकण्याची आशा नसताना शेवटपर्यंत बसून राहावे लागते.

‘सेव्हन वंडर्स’ची रचना नेमकी याच ठिकाणी वेगळी आहे. खेळ तीन युगांचा असतो आणि प्रत्येक युगात प्रत्येकाला सात पत्ते मिळतात. सगळे जण आपल्या हातातला एक पत्ता निवडून पालथा ठेवतात, सगळे पत्ते एकदम उलटतात आणि उरलेले पत्ते शेजाऱ्याकडे जातात. प्रत्येक युगाचा शेवटचा पत्ता टाकून द्यायचा असल्याने संपूर्ण डावात प्रत्येकाला अठराच निर्णय घ्यायचे असतात, मग खेळणारे चार असोत की सात. व्यापार आणि सैन्याची तुलना फक्त डावी-उजवीकडच्या शेजाऱ्यांशी होत असल्याने टेबलाच्या पलीकडच्या टोकाला काय चालले आहे याचा फार विचार करावा लागत नाही. खोक्यावर अर्ध्या तासाचा वेळ दिलेला आहे. सरावलेल्या लोकांचा डाव साधारण तेवढ्यात आटपतो, पण पहिल्या डावाला तासभर धरून चालावे.

या खेळाची खरी किंमत गुंतागुंतीत मोजावी लागते. पत्त्यांवर मजकुराऐवजी चिन्हे असतात आणि नवख्या माणसाला पहिले युग ती ओळखण्यातच घालवावे लागते. गुणमोजणीचे सात प्रकार आहेत आणि त्यांतले हिरवे, म्हणजे विज्ञानाचे पत्ते सर्वांत जास्त गोंधळात टाकतात. सारख्या चिन्हांच्या संख्येचा वर्ग करायचा, त्यामुळे एकाच चिन्हाच्या तीन पत्त्यांना नऊ गुण मिळतात. तीन वेगवेगळी चिन्हे जमली तर प्रत्येकी एक असे तीन आणि संच पुरा झाल्याचे सात मिळून दहा गुण होतात. नियम सांगताना एवढी दोन उदाहरणे पत्ते मांडून दाखवली, की पुढचे स्पष्टीकरण निम्मे होते.

डाव मांडतानाही दोन ठिकाणी घोळ होतो. पत्त्यांवर किमान खेळाडूंची संख्या छापलेली असते आणि खेळायला बसलेल्यांपेक्षा मोठी संख्या असलेले पत्ते बाजूला काढावे लागतात. प्रत्येकाला सात पत्ते वाटून एकही उरला नाही, तर मांडणी बरोबर आहे. पत्ते उरले किंवा कमी पडले, तर गठ्ठा पुन्हा तपासावा. दुसरी चूक दिशेची: पहिल्या आणि तिसऱ्या युगात पत्ते डावीकडे जातात, तर दुसऱ्यात उजवीकडे. एखाद्यापुढे दोन गठ्ठे साचले आणि दुसऱ्याचा हात रिकामा राहिला, की कोणीतरी सवयीने डावीकडे पत्ते दिले हे लगेच ओळखावे.

नियम महिनाभर लक्षात राहण्याच्या कसोटीवर ‘टिकेट टू राइड’ निर्विवाद पुढे आहे. पाळीत तीनपैकी एकच गोष्ट करायची असते: डब्यांचे पत्ते उचलणे, दोन शहरांमधला मार्ग व्यापणे किंवा ठरावीक शहरे जोडण्याचे काम देणारी नवी तिकिटे घेणे. पाळी पटकन उरकते, प्रत्येकाजवळ मोजून पंचेचाळीस डबे असल्याने डावाचा शेवट सर्वांना दुरून दिसतो आणि पाच जणांतही डाव सहसा तासाभरात संपतो. पाच जणांत नकाशावर दाटी होते, नेमके हवे असलेले मार्ग दुसरा कोणी व्यापतो आणि अपुऱ्या तिकिटाचे गुण वजा होतात. मला ही चुरस आवडते, पण काहींना ती बोचते. मात्र सहावा माणूस आला की हा खेळ कपाटातच ठेवावा लागतो.

‘कोडनेम्स’चा डाव पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि नियम पाच मिनिटांत सांगून होतात. पंचवीस शब्दांपैकी आपल्या संघाचे शब्द एका शब्दाच्या सूचनेवरून ओळखायचे, एवढेच त्यात आहे. सूचना देणाऱ्या दोघांवर मात्र सगळा भार पडतो. विचार करणारा पाच मिनिटे गप्प बसला, तर बाकीचे सहजच गप्पांत रमतात. तीन तास हाच खेळ पुरवणे कठीण आहे.

म्हणून उपस्थिती खरोखरच चार ते सात अशी बदलत असेल, तर मी ‘सेव्हन वंडर्स’ घेईन. पहिल्या बैठकीत एक सरावाचा डाव गुण न मोजता खेळेन आणि त्याच संध्याकाळी दोन खरे डाव बसवेन. मंडळी ठरलेली चारच असतील आणि त्यांना घासाघीस आवडत असेल, तर ‘कटान’ अधिक रंगेल. संख्या पाचाच्या वर कधीच जात नसेल आणि दर वेळी एखादा नवखा पाहुणा येत असेल, तर ‘टिकेट टू राइड’ सोयीचा आहे. ‘कोडनेम्स’ मुख्य खेळ म्हणून नव्हे, तर उशिरा येणाऱ्यांची वाट पाहताना मांडण्यासाठी जवळ असावा, कारण डाव सुरू असतानाही नवा माणूस कोणत्याही संघात जाऊन बसू शकतो.