जन्मस्थान की मागचा मुक्काम?

जळगावातल्या एका घराची कल्पना करा. आजोबा जळगावातच जन्मले, सुरतेच्या कापड मार्केटात उमेदीची वर्षं घालवली आणि दोन वर्षांपूर्वी परत आले. सून शहाद्याकडच्या खेड्यात जन्मली, वडिलांच्या नोकरीमुळे धुळ्यात वाढली, लग्न करून जळगावात आली.

जनगणनेच्या जन्मस्थानाच्या तक्त्यात (D-1) आजोबा स्थलांतरित नाहीतच. सून नंदुरबार जिल्ह्यातल्या जन्मामुळे ‘राज्यातल्या इतर जिल्ह्यांत’ मोजली जाते, धुळ्याचा मुक्काम धरलाच जात नाही. मागच्या मुक्कामाच्या तक्त्यात (D-2) आजोबा गुजरातेतून आलेले आणि सून धुळ्याच्या मुक्कामामुळे ‘राज्यातल्या इतर जिल्ह्यांतून’ आलेली. मधले मुक्काम मात्र हा तक्ताही गिळतो: आजोबा सुरतेहून नाशिकला थांबून आले असते, तर सुरत गायब.

शहरात नवे कोण, हे बघायचं असेल तर मी D-2च उघडेन. १९७१पासून मागच्या मुक्कामासोबत इथे किती वर्षं राहताय हेही विचारलं जातं. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली आजी दोन्हीकडे स्थलांतरितच. पण D-2मध्ये पाच वर्षांच्या आतले वेगळे काढले की ती बाजूला होते. D-1चा आकडा ‘नवे लोक’ म्हणून छापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दोन्हीकडे एक गंमत उरते. पहिलं बाळंतपण माहेरी. चोपड्याला जन्मून सव्वा महिन्यात जळगावला आलेलं बाळही स्थलांतरितच! कारणांच्या तक्त्यात (D-3) त्यासाठी ‘जन्मानंतर स्थलांतर’ असा वेगळा रकाना आहे. रोजगारासाठी आलेले मोजताना तो आधी वगळा.