फोनकडून वाय-फाय घेणारी टीव्ही स्टिक : आठ महिन्यांनंतर

गिरगावातील आमच्या जुन्या घरात सासूबाईंच्या खोलीतील टीव्हीला गेल्या नोव्हेंबरात मी गूगल टीव्ही प्रणालीवर चालणारी स्टिक जोडली. राउटरचा पासवर्ड सोळा अक्षरांचा आहे आणि रिमोटने एकेक अक्षर निवडून तो भरणे कंटाळवाणे असल्याने, पडद्यावर आलेला क्यूआर कोड फोनच्या गूगल होम अ‍ॅपमधून स्कॅन करून वाय-फायची माहिती फोनकडूनच देण्याचा मार्ग मी निवडला. पहिल्या प्रयत्नात फोनला स्टिक सापडली नाही, कारण फोनचे ब्लूटूथ आणि लोकेशन मी बंद ठेवले होते. दोन्ही सुरू केल्यावर जोडणी पाच मिनिटांत झाली.

खरी अडचण त्या संध्याकाळी कळली. मालिका दर दोन-तीन मिनिटांनी थांबून गोल फिरत राही, पण दिवाणखान्यात फोनवर तीच मालिका सुरळीत चाले. आमचा राउटर दोन नावांनी सिग्नल देतो, त्यांपैकी शेवटी `_5G` असलेले नाव ५ गिगाहर्ट्झचे आहे. जोडणी करताना माझा फोन त्याच नावावर होता, अ‍ॅपने तेच नेटवर्क पुढे केले आणि मी विचार न करता होकार दिला. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी भिंती ओलांडताना तो २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर क्षीण होतो, आणि राउटर व सासूबाईंची खोली यांच्यामध्ये जुन्या बांधणीच्या दोन जाड भिंती आहेत. सेटिंग्जमधील नेटवर्कच्या यादीत `_5G` समोर सिग्नलची एकच रेघ होती, तर दुसऱ्या नावासमोर तीन.

मी दुसरे नाव निवडले, पासवर्ड मात्र या वेळी रिमोटनेच भरला आणि स्टिक पुन्हा जुन्या नेटवर्कवर जाऊ नये म्हणून `_5G` ची नोंद तेथून काढून टाकली. तेव्हापासून एचडी चित्र थांबलेले नाही. दूरच्या खोलीसाठी स्टिक घेणाऱ्यांनी क्यूआर स्कॅन करण्याआधीच टीव्हीजवळ उभे राहून फोन योग्य नावावर न्यावा, म्हणजे रिमोटने पासवर्ड भरण्याचे हे दुसरे काम उरत नाही.

फोन ही माहिती जोडणीच्या वेळी एकदाच देतो, हेही लक्षात ठेवावे लागते. पुढे फोनमध्ये नवा पासवर्ड घातला तरी स्टिककडे जुनाच राहतो. जूनमध्ये आमचा राउटर बदलला, तेव्हा बसवायला आलेल्या मुलाला मी नव्या राउटरवरही जुनेच नाव व पासवर्ड ठेवायला सांगितले, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसकट. त्याने तसे केले आणि स्टिक आपोआप जोडली गेली. सासूबाईंना संध्याकाळची मालिका लावताना काही बदलल्याचे जाणवलेही नाही.