'शेवटचा वेचा' की 'तिचं आभाळ'?

दर्यापूरकडच्या एका ताईंचा पहिला कथासंग्रह येतोय, गावातल्या बायांच्या कथा, आणि नावावर गाडी अडलीये.

'तिचं आभाळ' लगेच कळतं, पुण्या-मुंबईच्या वाचकालाही. पण 'आभाळ' असलेली पुस्तकं खूप, नेटवर सर्च केलं तर ताईंचं कुठं सापडणार? नावावर सहसा कॉपीराइट नसतो त्यामुळे कायद्याची अडचण नाही, अडचण गर्दीची. आणि हे नाव कुठल्याही बाईच्या कथेला चालतं हो.

'शेवटचा वेचा' मात्र इथलंच. संग्रहातली त्या नावाची कथा मी वाचली, शेवटच्या वेच्याला म्हणजे कापूस वेचायच्या शेवटच्या फेरीला पराटीवर थोडाच कापूस उरतो, बोंडाच्या काट्यांनी बोटं सोलतात आणि मजुरी किलोवर, म्हणून दिवसभर राबून हातात कमीच. बाकीच्या कथांतल्या बायाही असंच उरलंसुरलं वेचतात, शिवणकामवाली सुद्धा, म्हणून हे नाव सगळ्या पुस्तकाला पुरतं. बाहेरच्याला वेचा कळणार नाही, तर कव्हरवर कापसाची ओटी बांधलेली बाई दाखवा. सव्वाशे पानांचा कणा जेमतेम सहा-सात मिलीमीटर, तिथं दोन्ही नावं मावतात.

भेट म्हणून, ओळखीत खपवायचं असेल तर 'तिचं आभाळ' चालेल. पण पहिलंच पुस्तक, नाव लक्षात राहावं, समीक्षकानं उचलावं असं वाटत असेल तर 'शेवटचा वेचा'च घ्या, आयएसबीएनचा फॉर्म भरायच्या आधी ठरवा.