पाळीव प्राण्यांचे केस: धुण्याआधी काढावेत की मशीनमधल्या जाळीवर सोपवावेत?

मांजराचे केस चिकटलेली चादर धुताना दोन मार्ग असतात: कोरडी असतानाच रबरी हातमोज्याने केस ओढून काढणे, किंवा पाण्यावर तरंगणारी केस पकडणारी जाळी कपड्यांसोबत टाकणे.

माझा स्पष्ट कौल पहिल्या मार्गाला आहे, कारण केस भिजले की ते सुताच्या विणीला चिकटतात आणि जे सुटतात ते साबणाचा थर व धाग्यांसह गुंतून पंपाच्या गाळणीत घट्ट बोळा होऊन बसतात. हातमोजा किंचित ओलसर करून एकाच दिशेने फिरवला की केसांची वळी होते आणि ती सहज उचलता येते. मात्र जाड रजईला वेळ लागतो.

जाळी टॉप लोड मशीनमध्ये, भरपूर पाणी असल्यावर, उपयोगी पडते. फ्रंट लोडमध्ये पाणी इतके कमी असते की ती तरंगतच नाही.

पाणी सावकाश उतरू लागले किंवा उपसताना पंप नुसताच घुमू लागला, तर मशीन बंद करून प्लग काढावा, खाली उथळ ताट ठेवावे आणि पाणी थंड असतानाच गाळणी हळूहळू उघडावी.