ट्रेसिंग पेपरवर सरकवून वाचलेला ऑक्सिजनचा आलेख: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करताना आणि आंतरवासितेला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना, मागच्या पावसाळ्यापासून मी शरीरक्रियाशास्त्रातले आलेख एका ठरावीक पद्धतीने वाचते आणि वाचायला लावते. साहित्य साधे आहे: आलेखवही, ट्रेसिंग पेपर, पट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली. मूळ वक्र वहीवर कायम राहतो, त्याची प्रत ट्रेसिंग पेपरवर काढली जाते, आणि रुग्णात जो एकेक बदल घडतो त्याच्यासाठी ती प्रत एकेकदा सरकवली जाते. ऑक्सिजनच्या दाबाप्रमाणे हिमोग्लोबिन किती टक्के भरते हे दाखवणाऱ्या ऑक्सिजन-हिमोग्लोबिनच्या वक्रासाठी ही पद्धत मला फार उपयोगी वाटली. एका ठोक्यात हृदयातला दाब आणि रक्ताचे आकारमान कसे बदलतात हे दाखवणाऱ्या दाब-आकारमानाच्या वेटोळ्यासाठी ती जशीच्या तशी चालत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

सर्वप्रथम आडव्या अक्षाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण सगळी पद्धत त्यावर उभी आहे. पुस्तकांत आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब समान अंतराने मांडलेला असतो आणि शेजारी ‘उजवीकडे सरकलेला’ वक्र तुटक रेषेने काढलेला असतो. हा वक्र खरे पाहता सरकत नाही, तो ताणला जातो. हिमोग्लोबिन निम्मे भरण्यासाठी लागणारा दाब, म्हणजे पी-५०, २७ मिलीमीटर पाऱ्यावरून ३४ वर गेला, तर वक्रावरच्या प्रत्येक बिंदूचा दाब साधारण सव्वापट होतो: ४० वर मिळणारे ७५ टक्के आता ५० वर मिळतात आणि ६० वर मिळणारे ९० टक्के ७५ वर. समान अंतराच्या अक्षावर प्रत नुसती ७ मिलीमीटर पाऱ्याने उजवीकडे ढकलली, तर वक्राचा पाय शून्यावरून सुटतो आणि खांद्याकडचा फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. विद्यार्थ्यांची उत्तरे चुकतात ती बहुधा इथेच.

आडवा अक्ष लॉगॅरिदमिक केला की हा प्रश्नच उरत नाही, कारण पट करणे म्हणजे त्या अक्षावर तेवढेच अंतर सरकणे. त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. दाब १० ची खूण शून्य सेंटिमीटरवर करावी, २० ची ३ वर, ३० ची ४.८ वर, ४० ची ६ वर, ६० ची ७.८ वर, ८० ची ९ वर आणि १०० ची १० वर. उभ्या अक्षावर संपृक्ततेचे, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती भरले याचे, टक्के घ्यावेत. मग १० ला १०, २० ला ३२, ३० ला ५७, ४० ला ७५, ६० ला ९०, ८० ला ९५ आणि १०० ला ९७ असे बिंदू मांडून ते हाताने जोडावेत. या मापाच्या कागदावर पी-५० २७ वरून ३४ वर जाणे म्हणजे प्रत बरोबर १ सेंटिमीटर उजवीकडे नेणे. शरीराचे तापमान अडीच अंश सेल्सिअसने चढले तर सुमारे ६ मिलीमीटर उजवीकडे, आणि पीएच ७.४ वरून ७.३ वर उतरला तर सुमारे ५ मिलीमीटर उजवीकडे. एवढी तीन अंतरे लक्षात ठेवली की बरेचसे प्रश्न पट्टीनेच सुटतात.

आमच्या भागात याचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो सिकलसेलच्या रुग्णांत. पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ आहे, आणि सिकल हिमोग्लोबिन असलेल्या रक्ताचा वक्र मुळातच उजवीकडे असतो. एक नमुना सविस्तर देते. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी तपासणीला येते. ताप नाही, धाप नाही, छाती स्वच्छ आहे, हिमोग्लोबिन ८ आहे आणि ऑक्सिमीटरवर ९३ दिसते. सिस्टर ऑक्सिजन लावण्याच्या तयारीत असतात आणि आंतरवासी विचारतो, “मॅडम, ९३ म्हणजे फुप्फुसात काहीतरी आहे ना?”

या प्रश्नाचे उत्तर आलेखावर आडवी रेघ मारून द्यावे. ९३ टक्क्यांवरून निघालेली रेघ मूळ वक्राला सुमारे ६७ वर भेटते, आणि १ सेंटिमीटर सरकवलेल्या प्रतीला सुमारे ८५ वर. म्हणजे ऑक्सिमीटरचा आकडा एकच असला, तरी एका माणसात धमनीतला ऑक्सिजनचा दाब खरोखर कमी आहे आणि दुसऱ्यात तो जवळपास ठीक आहे. ऑक्सिमीटर दाब मोजत नाही, तो संपृक्तता मोजतो. दाब किती हे आपण मनातल्या वक्रावरून ठरवतो, आणि मनातला वक्र निरोगी माणसाचा असतो. प्रत्येक रुग्णाची पी-५० नेमकी ३४ नसते. मी ती उदाहरणासाठी धरली आहे. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी वाचनाची दिशा बदलत नाही.

आता उभ्या रेघा माराव्यात, कारण वक्र उजवीकडे गेल्याचा फायदा तिथे दिसतो. धमनीत दाब ८५ आणि शिरेत ४० धरला, तर मूळ वक्रावर संपृक्तता ९६ वरून ७५ वर येते, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन ऊतींना मिळतो. सरकलेल्या प्रतीवर ती ९३ वरून ६१ वर येते, म्हणजे ३२ टक्के मिळतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलीलीटर ऑक्सिजन वाहते या हिशेबाने, हिमोग्लोबिन १४ आणि मूळ वक्र असताना १०० मिलीलीटर रक्तामागे ३.९ मिलीलीटर ऑक्सिजन ऊतींना मिळतो. हिमोग्लोबिन ८ आणि तोच वक्र असता तर २.३ मिळाला असता. वक्र सरकल्यामुळे ३.४ मिळतो. रक्त निम्म्याच्या जवळ उतरलेले असूनही ही मुलगी चालत का येते, याचे बरेचसे उत्तर या तीन आकड्यांत आहे. याची किंमतही त्याच रेघेवर दिसते: शिरेकडच्या रक्तात ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन जास्त असते, आणि सिकल हिमोग्लोबिन नेमके त्याच अवस्थेत गोठून पेशी वाकडी करते.

तीच मुलगी काही आठवड्यांनी ३९.५ तापाने आली, तर प्रत आणखी ६ मिलीमीटर सरकवावी. पी-५० सुमारे ३९ होते आणि फुप्फुस पूर्वीसारखेच असले तरी ८५ दाबावर संपृक्तता ९० च्या आसपास येते. हे विद्यार्थ्यांना पटकन पटते, आणि म्हणूनच इथे मी त्यांना थांबवते. त्याच प्रतीवर दाब ६० ची उभी रेघ मारायला सांगते. मूळ वक्रावर ६० म्हणजे अजून ९० टक्के, या प्रतीवर मात्र ती ७६ च्या आसपास पडते, कारण वक्राचा सपाट खांदा उजवीकडे निघून गेला आहे आणि उतार आता कामाच्या टप्प्यात आला आहे. निरोगी माणसाला फुप्फुसाचा जो बिघाड जेमतेम जाणवेल, तो या मुलीला थेट खाली नेतो. त्यामुळे ताप असलेल्या सिकलसेलच्या रुग्णात संपृक्तता नेहमीपेक्षा तीन टक्क्यांनी उतरली, तर ‘तापाने वक्र सरकला असेल’ असे म्हणून सोडून देता येत नाही. छातीत दुखते का, श्वासाचा वेग किती, एक्स-रेवर नवी सावली आहे का, हे आधी पाहावे लागते. आलेखाने धोका कुठे आहे ते कळते, पण निदान त्यावरून करू नये.

वक्र डावीकडेही जातो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारे पेशींमधले २,३-डीपीजी साठवलेल्या रक्तपिशवीत दोनेक आठवड्यांत बहुतेक संपते. असे रक्त चढवल्यावर ते पुन्हा तयार व्हायला एक-दोन दिवस जातात, तोपर्यंत त्या पेशी ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतात. शिवाय दात्याच्या हिमोग्लोबिनचा वक्र सिकलसेलच्या रुग्णाच्या वक्राच्या मानाने मुळातच डावीकडे असतो. म्हणून रक्त दिल्यानंतर ऑक्सिमीटरचा आकडा ९३ वरून ९६ झाला, तर फुप्फुस सुधारले असे लगेच लिहू नये. सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू असलेल्या रुग्णात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते आणि त्याचाही वक्र डावीकडे असतो.

एका गोष्टीने सुरुवातीला आमच्याकडे फार गोंधळ होत असे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीच्या, कागदावर दाब ८५ आणि संपृक्तता ९६ छापलेली, आणि आमच्या ऑक्सिमीटरवर ९३. पुष्कळ एबीजी यंत्रे संपृक्तता मोजत नाहीत. दाब, पीएच आणि तापमानावरून निरोगी हिमोग्लोबिनच्या वक्राने ती काढतात. म्हणजे छापलेले ९६ हे मूळ वक्रावरचे उत्तर आहे, त्या मुलीच्या वक्रावरचे नाही. खरी संपृक्तता हवी तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारा को-ऑक्सिमीटर असलेले यंत्र लागते. मात्र असा फरक दिसला की प्रत्येक वेळी सिकलसेलच समजणे धोक्याचे आहे. मलेरियासाठी प्रिमाक्विन किंवा कुष्ठरोगासाठी डॅप्सोन घेणाऱ्या माणसात ऑक्सिजन वाहू न शकणारे मेथहिमोग्लोबिन वाढले, तरी एबीजीवरचा दाब चांगला असतो आणि ऑक्सिमीटर मात्र खाली उतरून ८५ च्या आसपास अडकतो. तिथे उरलेल्या हिमोग्लोबिनचा वक्र डावीकडे गेलेला असतो, त्यामुळे ऊतींची अवस्था अगदी उलट असते. रक्त पांढऱ्या गॉजवर टाकून पाहावे: हवेत ठेवूनही ते चॉकलेटी तपकिरीच राहिले, तर प्रत उजवीकडे नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आता दाब-आकारमानाच्या वेटोळ्याविषयी. इथे ट्रेसिंग पेपर सरकवणे चुकीचे ठरते, कारण वेटोळे अखंड हलत नाही, त्याचे कोपरे वेगवेगळे हलतात. मी वहीवर फक्त संकोचाच्या शेवटची, स्नायूचा जोर दाखवणारी तिरकी रेषा कायम ठेवते आणि वेटोळे दर वेळी नव्याने काढते. मूळ वेटोळ्यात भरलेले आकारमान १२० मिलीलीटर, उरलेले ५० आणि ठोका ७० चा. दीर्घकाळच्या रक्तक्षयात रक्त पातळ होते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. हृदयाकडे परतणारे रक्त वाढते आणि बाहेरचा विरोध घटतो. उदाहरणादाखल उजवा कोपरा १५० वर नेला आणि वरचा डावा कोपरा त्याच तिरक्या रेषेवरून घसरवत १०० च्या दाबावरून ८५ वर आणला, तर उरलेले आकारमान सुमारे ४४ होते आणि ठोका १०६ चा. बाहेर टाकलेल्या रक्ताचा हिस्सा ५८ वरून ७१ टक्क्यांवर गेला, पण कोपरा ती रेषा सोडून गेलेला नाही, म्हणजे स्नायूचा जोर वाढलेला नाही. रेषेचा चढच वाढला असता, तर जोर वाढला असे म्हणता आले असते.

दोन्ही आलेख शेजारी ठेवले की त्या मुलीचा हिशेब पुरा होतो. निरोगी माणसात ७० मिलीलीटरच्या ठोक्यामागे २.७ मिलीलीटर ऑक्सिजन सुटतो. तिच्यात १०६ च्या ठोक्यामागे ३.६ पर्यंत सुटू शकतो, म्हणून विश्रांतीच्या वेळी तिच्या शिरेतला दाब ४० च्या वरच राहतो आणि सिकल पेशींना थोडी सवड मिळते. निर्जलीकरण झाले, उन्हाळ्यात शेतावर पाणी कमी पडले, की उजवा कोपरा आत येतो आणि ही सवड जाते.

गैरसोयी दोनच सांगण्यासारख्या आहेत. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर ओल धरून फुगतो आणि १ सेंटिमीटरच्या मापात एक-दोन मिलीमीटरची गफलत होते, म्हणून मी प्रत जुन्या एक्स-रे फिल्मवर मार्करने काढून ठेवली आहे. दुसरे म्हणजे ऑक्सिमीटरच्या स्वतःच्या वाचनातच दोन टक्क्यांचा फरक असू शकतो, बोट गार असेल तर त्याहून जास्त. म्हणून एकाच आकड्यावर रेघ मारण्यापेक्षा रुग्ण बरा असतानाचे, बोट गरम करून आणि लहर स्थिर झाल्यावर घेतलेले वाचन त्याच्या कार्डावर तारखेसह लिहून ठेवावे, आणि प्रत किती सरकवायची ते त्या आकड्यापासून ठरवावे.